शुक्रवारचा भाव आणि चार्टवरची रिकामी जागा

सोमवारी पहाटे साडेतीनला आपल्याकडे बहुतेक लोक झोपलेले असतात. बिटकॉइनच्या भावावर नजर ठेवणारे काही जण मात्र गजर लावून उठतात आणि फोनवर एकच चार्ट उघडतात. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंज, म्हणजे सीएमई, या बाजारातल्या बिटकॉइन वायद्याचा हा चार्ट असतो. ट्रेडिंगव्ह्यूवर `BTC1!` टाइप केलं की तो समोर येतो. तिथे शुक्रवारची शेवटची कँडल दिसते आणि तिच्या शेजारी, पण तिला न चिकटता बरीच वर किंवा खाली, नवी कँडल उगवलेली असते. दोन कँडलींमध्ये एक आडवी पट्टी कोरी राहिलेली असते. या कोऱ्या पट्टीला ‘गॅप’ म्हणतात. बाजारात वर्षानुवर्षं एक वाक्य फिरत आलं आहे, ‘सीएमईची गॅप भरल्याशिवाय राहत नाही.’ म्हणजे भाव कुठेही गेला तरी आज ना उद्या परत येऊन ती कोरी जागा ओलांडणार.

या वाक्यावर भरवसा ठेवून लोक खऱ्या पैशांचे सौदे करतात. म्हणून ते किती खरं आहे, हे नीट तपासायला हवं.

आधी गॅप पडते कशी ते पाहू. सीएमईने बिटकॉइनचे वायदे डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केले. एक मोठा करार पाच बिटकॉइनचा असतो, आणि मे २०२१ पासून एक दशांश बिटकॉइनचा छोटा करारही मिळतो. सौदा मुदतीला रोखीत मिटवला जातो, प्रत्यक्ष बिटकॉइन हातात पडत नाही. इथवर सगळं इतर वायद्यांसारखंच. मुद्दा वेळेचा आहे. शिकागोच्या शुक्रवारी दुपारी चारला हा बाजार बंद होतो आणि रविवारी संध्याकाळी पाचला उघडतो. भारतातल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात शनिवारी पहाटे अडीचला बंद आणि सोमवारी पहाटे साडेतीनला सुरू. थंडीत दोन्ही वेळा एक तास पुढे सरकतात. मध्ये ४९ तास शटर खाली.

पण बिटकॉइनला सुट्टी नसते. हजर बाजारात, म्हणजे नाणं प्रत्यक्ष विकलं-घेतलं जातं त्या एक्स्चेंजांवर, शनिवार-रविवारही सौदे चालूच असतात. या ४९ तासांत तिथला भाव तीन टक्के चढला, तर रविवारी संध्याकाळी सीएमईचा वायदा थेट त्या नव्या भावाजवळ उघडतो. मधल्या पायऱ्यांवर या बाजारात एकही सौदा झालेला नसतो, म्हणून चार्टवर तेवढी जागा कोरी राहते.

पहिला गैरसमज इथेच सुरू होतो. गॅपवाले सांगतात की त्या पट्टीत ‘पोकळी’ आहे, तिथे खरेदी-विक्री झालेली नाही आणि बाजाराला पोकळी सहन होत नाही. प्रत्यक्षात पोकळी फक्त एका दुकानाच्या वहीत आहे. बाजारपेठेतलं एक दुकान दोन दिवस बंद होतं आणि त्या दोन दिवसांत समोरच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांत मालाचा भाव हळूहळू चढला, तर बंद दुकानाच्या वहीत मधले भाव लिहिलेले नसतील. म्हणून ते भाव झालेच नाहीत असं कोणी म्हणणार नाही. तसंच इथेही, गॅपमधल्या प्रत्येक भावाला हजर बाजारात शनिवार-रविवारी भरपूर माल हातोहात फिरलेला असतो. त्याच दोन दिवसांचा हजर बाजाराचा चार्ट शेजारी उघडा, कोरी पट्टी कुठेच दिसणार नाही.

तरीही गॅपा भरतात, आणि बऱ्याच भरतात. यातलं एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण गॅपवाले ते आपल्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा म्हणून दाखवतात.

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. बिटकॉइन सुसाट सुटला. शुक्रवारी, ८ नोव्हेंबरला, सीएमईचा वायदा सुमारे ७७,९०० डॉलरवर बंद झाला. शनिवार-रविवारी हजर बाजारात तेजी चालूच राहिली आणि रविवारी वायदा उघडला तो सुमारे ८०,६०० वर. मध्ये २,७०० डॉलरची गॅप. आता समजा, ‘गॅप भरतेच’ यावर पक्का विश्वास असलेल्या एका माणसाने त्याच रात्री ८०,६०० ला एक मोठा करार विकला, म्हणजे मंदीचा सौदा केला. हिशेब सोपा होता. भाव ७७,९०० ला आला की बिटकॉइनमागे २,७०० डॉलर, आणि करार पाच बिटकॉइनचा, म्हणजे १३,५०० डॉलर नफा.

गॅप भरली का? भरली. १० मार्च २०२५ च्या सुमारास भाव ७७ हजारांच्याही खाली उतरला. चार्टवर मागे वळून पाहणाऱ्याला ही भविष्यवाणी अचूक ठरलेली दिसते. पण मधले चार महिने पाहा. नोव्हेंबर संपता संपता भाव एक लाखाच्या उंबरठ्यावर होता, डिसेंबरमध्ये त्याने लाख ओलांडला, आणि २० जानेवारीला, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दिवशी, तो सुमारे १,०९,००० डॉलरपर्यंत गेला. त्या क्षणी आपल्या माणसाचा तोटा बिटकॉइनमागे २८,४०० डॉलर, म्हणजे एका करारामागे १,४२,००० डॉलर होता. वायद्यात हा तोटा कागदावर राहत नाही. रोज संध्याकाळी हिशेब होतो आणि खात्यातून पैसे वळते होतात. मार्जिन कमी पडली की ब्रोकर फोन करतो, आणि पैसे भरले नाहीत तर तोच सौदा कापून टाकतो. जानेवारीपर्यंत जवळचे दीड लाख डॉलर ओतत राहिलेला माणूसच मार्चमध्ये साडेतेरा हजार मिळवण्यासाठी शिल्लक राहिला असता. बाकीच्यांचे सौदे कधीच तोट्यात कापले गेले असते, आणि त्यांच्या पश्चात गॅप ‘भरली’ असती.

म्हणजे ‘भाव गॅपकडे परत येतो का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. किती दिवसांत, आणि येण्याआधी उलट दिशेला किती लांब जाऊन, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

गॅपवाल्यांचा दुसरा आधार म्हणजे टक्केवारी. ‘नव्वद टक्क्यांहून जास्त गॅपा भरतात’ असे आकडे सतत ऐकू येतात. हा आकडा ऐकून माणूस भारावतो, कारण नव्वद टक्के खात्रीचा धंदा दुसरीकडे कुठे मिळतो? पण नव्वद टक्के म्हणजे नेमकं काय, हे समजायला खिशातलं एक नाणं पुरेसं आहे.

कागदावर एक शिडी काढा आणि मधल्या एका पायरीवर खडा ठेवा. नाणं उडवा. छापा पडला तर खडा एक पायरी वर, काटा पडला तर एक पायरी खाली. आता पैज अशी, की खडा नऊ पायऱ्या वर पोचण्याआधी सुरुवातीच्या जागेपासून एक पायरी खाली उतरेल. पहिल्याच फेकीत काटा पडला तर पैज लगेच जिंकली. छापा पडला तरी खडा फार वर गेलेला नसतो, पुन्हा घसरून खाली यायला त्याला भरपूर संधी असते. ही पैज जिंकण्याची शक्यता बरोबर नव्वद टक्के निघते. नाण्याला स्मरणशक्ती नाही, खालची पायरी त्याला ओढत नाही, तिथे कसलीही पोकळी नाही. खालची पायरी जवळ आणि वरची लांब, एवढंच या नव्वद टक्क्यांमागचं कारण आहे.

पैजेची दुसरी बाजूही लगेच दिसते. दहांपैकी नऊ वेळा एक पायरीचा फायदा आणि एकदा नऊ पायऱ्यांचा तोटा. बेरीज शून्य. नव्वद टक्के वेळा जिंकूनही हातात काही उरत नाही, आणि दलाली वजा केली की तोटाच.

हाच हिशेब नोव्हेंबरच्या गॅपला लावा. शुक्रवारचा भाव खाली २,७०० डॉलरवर होता. भाव वर २८,४०० डॉलरपर्यंत गेला, म्हणजे गॅपच्या साडेदहा पट. निव्वळ नाणेफेकीच्या बाजारातसुद्धा, साडेदहा पट वर जाण्याआधी एक पट खाली येण्याची शक्यता ९१ टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे ज्या टक्केवारीला लोक गॅपचं चुंबकत्व म्हणतात, ती कोणत्याही चुंबकाविना मिळते. आणि लांब जाण्यालाही काही मर्यादा घातली नाही, अमर्याद वाट पाहायचं ठरवलं, तर नाणेफेकीचा खडा कधी ना कधी खालच्या पायरीवर येतोच, शक्यता शंभर टक्के. तेवढी वाट पाहण्याइतके पैसे मात्र कोणाच्या खात्यात नसतात.

मग खरी कसोटी कशी घ्यायची? मला पटणारी पद्धत अशी. आधी मुदत ठरवायची, समजा एक आठवडा. मग दर शुक्रवारचा बंद भाव आणि रविवारचा उघडा भाव लिहून काढायचा, आणि पुढच्या आठवड्यात भाव शुक्रवारच्या बंद भावापर्यंत पूर्ण परत आला का ते नोंदवायचं. इथवरचं काम बरेच जण करतात. त्यापुढचं काम कोणी सहसा करत नाही. हजर बाजाराच्या चार्टवर मंगळवारी त्याच वेळेचा भाव घ्या आणि ४९ तासांनी, गुरुवारी, पुन्हा घ्या. मधला काळ हाताने झाकून ठेवला की तीही एक गॅप झाली, फक्त खोटी. तिथे कुठलाच बाजार बंद नव्हता. आता या खोट्या गॅपा आठवडाभरात किती भरतात ते मोजा. शुक्रवारच्या गॅपा मंगळवारच्या खोट्या गॅपांपेक्षा ठळकपणे जास्त भरत असतील, तरच शटर बंद असण्याला काही अर्थ आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर आपण फक्त भाव कसा हिंदकळतो एवढंच मोजत होतो. ज्या टक्केवारीशेजारी अशी तुलना नसते, तिच्यावर एक रुपयाही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजताना आणखी एक खड्डा लागतो. सीएमईचा मासिक करार त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संपतो. `BTC1!` हा सलग दिसणारा चार्ट प्रत्यक्षात असे संपणारे करार एकमेकांना जोडून बनवलेला असतो. पुढच्या महिन्याचा करार बहुधा थोडा महाग असतो, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी भाव न हलताही पायरी पडलेली दिसू शकते. ती भावातली उडी नसते, जोडकामाचा सांधा असतो. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची गॅप दिसली, तर चालू महिन्याच्या नव्हे, पुढच्या महिन्याच्या त्या एकाच कराराचा चार्ट उघडून पाहावा. तिथे पट्टी लहान दिसली, तर उरलेला भाग सांध्याचा.

मग गॅप भरण्यामागे काहीच कारण नसतं का? छोट्या गॅपांच्या बाबतीत एक कारण पटण्याजोगं आहे. शनिवार-रविवारी मोठे व्यापारी नसतात, बँका बंद असतात, त्यामुळे बाजारात माल आणि पैसा दोन्ही पातळ असतात. थोड्या मोठ्या ऑर्डरनेही भाव सरकतो. सोमवारी मोठी मंडळी परतली की असा विनाकारण सरकलेला भाव जागेवर येऊ शकतो. पण रविवारी भाव खऱ्या बातमीवर हलला असेल, तर परत यायचं काय कारण? मार्चमधल्या दोन रविवारांवरून हे दिसतं.

शुक्रवारी, १० मार्च २०२३ ला, अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि नियामकांनी ती ताब्यात घेतली. बिटकॉइन वीस हजारांच्या आसपास आला होता. रविवारी संध्याकाळी सरकारने जाहीर केलं की सगळ्या ठेवीदारांचे पैसे पूर्ण मिळतील. सुटकेचा निःश्वास टाकून बाजार उसळला, आणि वीस-एकवीस हजारांच्या पट्ट्यात गॅप राहिली. नंतर कित्येक महिने ‘वीस हजारांची गॅप बाकी आहे’ म्हणून लोक थांबले. त्या वर्षी भाव पंचवीस हजारांजवळ दोनदा आला, वीस हजार मात्र त्याने पुन्हा पाहिले नाहीत.

दुसरा रविवार २ मार्च २०२५ चा. ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की अमेरिका क्रिप्टोचा राखीव साठा करणार. सुमारे ८५ हजारांवर असलेला भाव काही तासांत ९४ हजारांच्या आसपास गेला आणि सीएमईच्या चार्टवर अवाढव्य गॅप पडली. ही गॅप मात्र दोनच दिवसांत भरली. गॅपवाल्यांनी जल्लोष केला. पण सोमवारी काय झालं होतं? कॅनडा आणि मेक्सिकोवरचं आयातशुल्क मंगळवारपासून लागू होणार हे ट्रम्प यांनी पक्कं केलं, अमेरिकेचे शेअर कोसळले आणि त्यांच्यासोबत बिटकॉइनही. भाव खाली आला तो या बातमीमुळे. एका रविवारच्या मागे ठोस निर्णय होता, दुसऱ्याच्या मागे तपशील नसलेली घोषणा आणि समोरून आलेलं वादळ. गॅपा दोन्हीकडे होत्या, आणि चार्टवर दिसायला सारख्याच होत्या. (२८ फेब्रुवारी हा योगायोगाने महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता, त्यामुळे या गॅपचे नेमके आकडे चार्टनुसार थोडे वेगळे दिसू शकतात.)

न भरलेल्या गॅपांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती जुलै २०२० ची. २४ जुलैच्या शुक्रवारी वायदा ९,६००-९,७०० च्या आसपास बंद झाला आणि रविवारी ९,९०० च्या वर उघडला. ऑगस्टमध्ये भाव बारा हजारांवर गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो धडाधड पडून दहा हजारांच्या किंचित खाली आला. त्या दिवसांत कोणत्याही ट्रेडरला विचारलं असतं तर त्याने ९,६०० हाच आकडा सांगितला असता. गॅपच्या वरच्या काठाजवळ भाव घुटमळला, थोडा आतही शिरला. खालच्या काठावर खरेदीच्या ऑर्डरी लावून लोक बसले. भाव तिथवर आलाच नाही. ऑक्टोबरमध्ये स्क्वेअर कंपनीने पाच कोटी डॉलरचे बिटकॉइन घेतल्याचं जाहीर केलं, मग पेपालने आपल्या ग्राहकांना बिटकॉइन खरेदीची सोय देत असल्याचं सांगितलं, आणि १६ डिसेंबरला भावाने वीस हजार ओलांडले. ९,६०० ला स्वस्तात घेऊ म्हणून थांबलेला माणूस तीनशे डॉलर वाचवायच्या नादात दहा हजारांची तेजी गमावून बसला. २०२२ च्या मोठ्या मंदीत, एफटीएक्स एक्स्चेंज बुडाल्यानंतरही, भाव साडेपंधरा हजारांच्या आसपास थांबला.

या दोन्ही न भरलेल्या गॅपा भावाच्या खाली राहिलेल्या आहेत, हे लक्षात घ्या. ज्या नाण्याचा भाव वर्षानुवर्षांच्या मापात वर गेला, त्यात वर राहिलेल्या गॅपा उशिरा का होईना भरून निघतात, आणि तेजीच्या सुरुवातीला खाली राहिलेली एखादी कायमची मागे पडते. नेमक्या याच वेळी गॅपची वाट पाहणं सर्वांत महाग पडतं.

भारतातल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून इथला माणूस चार्ट शिकागोचा पाहतो आणि सौदा भलत्याच ठिकाणी, बहुधा चोवीस तास चालणाऱ्या आणि कितीतरी पट उधारी देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपवर करतो. त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या चार्टवर ही गॅप नसतेच. दहा पट उधारीवर मंदीचा सौदा केला असेल, तर भाव दहा टक्के चढण्याआधीच सौदा आपोआप कापला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८०,६०० वरून दहा टक्के चढायला भावाला आठवडासुद्धा लागला नाही.

आता शटरच उघडं राहणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीएमईने जाहीर केलं की नियामकांची मंजुरी मिळाल्यावर २०२६ पासून क्रिप्टोचे वायदे आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालतील. देखभालीसाठी शनिवार-रविवारी किमान दोन तासांची सुट्टी तेवढी राहील. ४९ तासांची सुट्टी दोन तासांवर आली, की सोमवारच्या पहाटे गजर लावून पाहण्यासारखी गॅप क्वचितच उरेल. जुलै २०२० ची ती पट्टी मात्र चार्टवर तशीच कोरी आहे.